'माझा पूर्वज कोण?' : अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायाचे दलित वाचन

मुक्तीचे ईश्वरशास्त्र आणि दलित ईश्वरशास्त्र यांच्यावरच्या प्रश्नाला विद्यार्थी बहुधा एकच ठरावीक उत्तर लिहितात : दोन्ही शास्त्रे बायबल पीडितांच्या बाजूने वाचतात, पहिले लॅटिन अमेरिकेत जन्मले, दुसरे भारतात. उत्तर चुकीचे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. 'पीडितांच्या बाजूने वाचणे' म्हणजे नेमके काय करणे, हे एखादा उतारा हातात घेतल्याशिवाय समजत नाही. म्हणून या पाठात आपण एकच उतारा घेऊ. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय, आणि त्याचे अरविंद निर्मल यांनी केलेले वाचन.

उतारा काय सांगतो

इस्राएली शेतकऱ्याने हंगामाचे पहिले फळ टोपलीत घालून मंदिरात आणावे. याजक ती टोपली वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने स्वतःच्या तोंडाने आपल्या कुळाची हकीकत सांगायची असते. माझा बाप भटका अरामी होता. तो थोड्या माणसांनिशी मिसर देशात गेला आणि तिथे त्याचे मोठे राष्ट्र झाले. मिसरी लोकांनी आम्हांला छळले, आमच्यावर वेठ लादली. आम्ही परमेश्वराला हाक मारली, त्याने ती ऐकली, आमचे हाल पाहिले, आम्हांला बाहेर काढले आणि हा देश दिला. म्हणून हे पहिले फळ मी आणले आहे.

जर्मन अभ्यासक गेरहार्ट फॉन राट यांनी 1938 साली या ओळींना इस्राएलचा छोटा ऐतिहासिक विश्वासांगीकार म्हटले. देव कसा आहे याची व्याख्या इथे नाही. काय घडले त्याची गोष्ट आहे. सर्वनामांकडेही लक्ष द्या. सुरुवात 'माझा बाप' अशी होते, मध्ये 'आम्ही' येते आणि शेवटी 'मी'. मिसर कधीही न पाहिलेला शेतकरी 'आम्हांला छळले' असे म्हणतो. पूर्वजांची वेदना तो आपली म्हणून बोलतो. निर्मल यांच्या वाचनाची किल्ली या सर्वनामांत आहे.

लॅटिन अमेरिकेचे वाचन

1968 साली कोलंबियातील मेडेलिन येथे लॅटिन अमेरिकेतील कॅथलिक बिशपांची परिषद झाली. गरिबी हा नशिबाचा भाग नसून अन्यायाच्या रचनेचा परिणाम आहे, असे तिने स्पष्ट म्हटले. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचे मुक्तीच्या ईश्वरशास्त्रावरील पुस्तक 1971 साली आले. त्यांच्या मते आधी गरिबांच्या लढ्यात सहभाग असतो आणि ईश्वरशास्त्र हे त्या सहभागावर वचनाच्या उजेडात केलेले चिंतन असते, म्हणजे ते दुसरे पाऊल आहे. या वाचनात निर्गमाची कथा केंद्रस्थानी आली. फारो म्हणजे जमीनदार, हुकूमशहा आणि परदेशी भांडवल. वेठबिगार म्हणजे शेतमजूर. विश्लेषणाचे मुख्य हत्यार वर्ग होते.

भारतातील अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी हा आराखडा जसाच्या तसा उचलला. निर्मल यांचा आक्षेप इथेच आहे. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये 1981 साली त्यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची कल्पना मांडली आणि पुढे मद्रासच्या गुरुकुल लुथेरन कॉलेजमध्ये दलित ईश्वरशास्त्राच्या विभागाचे काम पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भारतीय ख्रिस्ती ईश्वरशास्त्राने आधी ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद साधला आणि नंतर वर्गाच्या भाषेत गरिबांबद्दल बोलायला घेतले. दोन्ही वेळा जात निसटली, आणि मंडळीत बहुसंख्य असलेल्या दलितांचा अनुभवही तिच्याबरोबर निसटला.

निर्मल काय करतात

निर्मल शेतकऱ्याच्या जागी स्वतः उभे राहतात आणि विचारतात : माझा बाप कोण होता? भटका अरामी तरी मोकळा फिरू शकत होता. माझ्या दलित पूर्वजाला तेवढेही स्वातंत्र्य नव्हते. त्याची वस्ती गावाबाहेर होती. पायाचे ठसे पुसले जावेत म्हणून त्याच्या कमरेला झाडाची फांदी बांधलेली असे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. सार्वजनिक विहिरीवर त्याला पाणी नव्हते आणि देवळात प्रवेश नव्हता. हा पूर्वज महाराष्ट्रातला होता, हे ते मुद्दाम सांगतात. मराठी वाचकाला इथे महाडचे चवदार तळे आठवणार. तळे सार्वजनिक असूनही तिथले पाणी पिण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला.

या वाचनातून तीन गोष्टी निघतात. पहिली ज्ञानाविषयीची. गुतिएरेझ यांच्याकडे कृती आधी आणि चिंतन नंतर येते. निर्मल त्याही मागे जातात : कृतीच्या आधी वेदना असते आणि वेदनेतूनच देव कळतो. दुसरी गोष्ट जमिनीविषयीची. विश्वासांगीकारात दूधमधाचा देश शेवटी येतो. निर्मल म्हणतात की खरी प्राप्ती दास्यातून सुटणे ही आहे आणि देश हे त्यानंतरचे वाढीव दान. म्हणून दलितांच्या लढ्याचे ध्येय तात्कालिक लाभाच्या पलीकडे, देवाच्या प्रतिरूपात घडलेले पूर्ण माणूसपण मिळवणे हे असले पाहिजे. माझ्या मते हा त्यांच्या मांडणीतील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. भूमिहीन मजुराला जमीन ही 'वाढीव' वाटेलच असे नाही, आणि उताऱ्यातला शेतकरी तर आपल्या शेतातले पीक हातात घेऊनच बोलतो आहे.

तिसरी गोष्ट येशूविषयीची. निर्मल यांच्या दृष्टीने येशू स्वतः दलित आहे, आणि याचा एक पुरावा ते मंदिरशुद्धीच्या प्रसंगात पाहतात. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांना फक्त बाहेरच्या अंगणापर्यंत येता येई. आतल्या कठड्यावर दगडी इशारे होते की पुढे पाऊल टाकणारा परका आपल्या मरणाला स्वतः जबाबदार राहील. तसा एक ग्रीक शिलालेख 1871 साली सापडला आहे. सराफांची व विक्रेत्यांची गर्दी याच बाहेरच्या अंगणात होती, असे अभ्यासक मानतात. म्हणजे परक्यांना प्रार्थनेसाठी असलेली एकमेव जागा बाजाराने व्यापली होती. येशू ती मोकळी करतो. यशयाचे वचन देताना हे घर सर्व राष्ट्रांसाठी आहे हे शब्द फक्त मार्क राखतो, मत्तय आणि लूक ते गाळतात. निर्मल हा प्रसंग मंदिरप्रवेशाच्या लढ्याशी जोडतात. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह मार्च 1930 मध्ये सुरू झाला, काही वर्षे चालला आणि तरीही दार उघडले नाही. हे माहीत असलेला वाचक मार्कचा अकरावा अध्याय केवळ भ्रष्टाचाराविरुद्धचा प्रसंग म्हणून वाचणार नाही. पण मार्क अंगणाचे नाव घेत नाही, तो अभ्यासकांचा तर्क आहे. उत्तरात हे नोंदवावे.

कुठे अडते

पूर्वजाचे चित्र केवळ वेदनेचे असले की त्याने स्वतः काय उभे केले ते दिसत नाही. अभनपूरच्या विद्यार्थ्याला यासाठी दूर जायला नको. रायपूर परिसरातील सतनामी पाऱ्यात पांढऱ्या ध्वजाचा जैतखाम उभा असतो. एकोणिसाव्या शतकात गुरू घासीदास यांनी सतनाम सांगितले आणि मूर्तिपूजा व जातिभेद नाकारले. त्या वेळी इथे एकही मिशनरी नव्हता. 1868 साली जर्मन मिशनरी ऑस्कर लोर छत्तीसगडला आले आणि त्यांनी बिश्रामपूरची वसाहत उभी केली. पुढे ख्रिस्ती झालेल्या सतनाम्यांमध्ये अशी कथा रुजली की टोपीवाला गोरा माणूस येईल आणि खरा मार्ग सांगेल, असे घासीदासांनी आधीच सांगून ठेवले होते. इतिहासकार सौरभ दुबे यांनी या कथांचा अभ्यास केला आहे. तिला भविष्यवाणीचा पुरावा मानण्याचे कारण नाही. पण रचनेने ती अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायासारखीच आहे : नवा धर्म स्वीकारताना लोकांनी आपल्या बापाला गोष्टीबाहेर ठेवले नाही. त्यांचा पूर्वज फक्त छळलेला नव्हता, तो गुरू होता. निर्मल यांच्या विश्वासांगीकारात या पूर्वजाला जागा कमी पडते. पेनिएल राजकुमार यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांनीही दुःखाच्या प्रतिमेवर फार भर दिल्याबद्दल टीका केली आहे. यशयातील दुःखी सेवक म्हणजे दलित असे म्हटले की सेवा आणि सोसणे हेच त्याचे पवित्र काम ठरण्याचा धोका राहतो.

दुसरी अडचण उताऱ्याच्या मौनाची आहे. देव हा देश देतो, पण तिथे आधी कोण राहत होते हे शेतकरी सांगत नाही. ते त्याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे : कनानी आणि इतर जमाती, ज्यांचा समूळ नाश करण्याची आज्ञा दिली आहे. अमेरिकेतील मूलनिवासी अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी 1989 साली लिहिले की निर्गमाची कथा आपण कनान्यांच्या डोळ्यांनी वाचतो. जंगल-जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या बस्तरच्या किंवा गडचिरोलीच्या आदिवासीने हा अध्याय वाचला तर तो टोपलीवाल्या शेतकऱ्याच्या जागी उभा राहीलच असे नाही. 'पीडित' एकच नसतात, आणि एका पीडिताचा मुक्तिग्रंथ दुसऱ्याला भीतीचा वाटू शकतो. वर्गाच्या भिंगातून जात निसटते हा निर्मल यांचा आक्षेप इथे त्यांच्याही वाचनाकडे वळवता येतो.

तिसरी अडचण महाराष्ट्राच्या इतिहासातून येते. डॉ. आंबेडकरांनी 1936 साली मुंबईत 'मुक्ती कोन पथे?' हा प्रश्न मांडला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. हेही निर्गमनच होते, पण हाक ऐकणारा देव त्या कथेत नाही. ख्रिस्ती होणे हे 'लोक नव्हते ते देवाचे लोक झाले' असे निर्गमन आहे, असे निर्मल पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आधारे म्हणतात. पण मंडळीत आल्यावर जात सुटली का? तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीच्या वेगळ्या जागा राहिल्या. सरकारदरबारी तर उलटेच घडले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा नाही. गावाच्या लेखी तो अजून जातीचाच असतो, कागदाच्या लेखी नसतो.

विश्वासांगीकारानंतरची ओळ विद्यार्थी सहसा वाचत नाहीत. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा आहे, त्यांनी गावातच पोटभर जेवावे म्हणून. निर्मल यांचे वाचन तपासताना हा उतारा बाराव्या ओवीपर्यंत वाचावा आणि विचारावे : मिसरातून सुटलेल्याच्या वेशीच्या आत आता उपरा कोण आहे?