आढीपासून पिकवणी खोलीपर्यंत : शीतगृहाची मराठी

रत्नागिरीच्या आंबा व्यापाऱ्याला फळ पिकवणे शिकवावे लागत नाही. कोरड्या भाताच्या पेंढ्यावर हापूसचे थर लावून आढी घालायची, अधूनमधून ती परतायची, नासके फळ वेळीच बाहेर काढायचे, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. अडचण येते ती शीतगृहाच्या दारावरील सूचनापत्रापाशी. नाचणे येथील राज्य कृषी पणन मंडळाच्या आंबा सुविधा केंद्रामुळे आणि अनेक खासगी शीतगृहांमुळे ही यंत्रसामग्री आता अपरिचित राहिलेली नाही. तिची भाषा मात्र अजून इंग्रजीतच अडकली आहे किंवा इंग्रजीहून अवघड अशा मराठीत.

‘कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर’ हा शब्द पाहावा. शब्दाला शब्द ठेवून त्याचे ‘नियंत्रित वातावरण’ होते. भाषांतर निर्दोष आहे, पण मराठी माणसाच्या मनात ‘वातावरण’ म्हटले की ऊन, पाऊस, उकाडा येतो. साहजिकच व्यापारी समजतो, ही खोली वातानुकूलित आहे. प्रत्यक्षात येथे नियंत्रण असते ते हवेतील वायूंच्या प्रमाणावर. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. आंब्यासाठी तो ३ ते ५ टक्क्यांवर आणतात आणि कर्बवायू ५ ते ८ टक्क्यांपर्यंत वाढू देतात. फळाचा श्वास मंदावतो, त्याचे पिकणे लांबते. पण फळाला मानवणारी ही हवा माणसाचा काही क्षणांत घात करते. चार-पाच टक्के प्राणवायूत शिरलेला हमाल ओरडण्यापूर्वीच बेशुद्ध पडू शकतो. हिमाचल-काश्मीरचे सफरचंद अशाच खोल्यांत महिनोन्‌महिने राहते व ‘सीए माल’ म्हणून बाजारात येते. पण त्या दोन अक्षरांतून हा धोका कळत नाही. म्हणून ‘कमी प्राणवायूची साठवण’ हा शब्द अधिक योग्य ठरतो. तो थोडा लांब आहे, पण दाराशी थांबवतो.

‘डीफ्रॉस्ट सायकल’ची गफलत वेगळी. मिरकरवाड्यासारखे मासळी बंदर असलेल्या या गावात डीफ्रॉस्ट म्हणजे गोठलेली मासळी सोडवणे. ‘बर्फ वितळवण्याचे चक्र’ असे लिहिले, तर माल वितळणार असे वाटून व्यापारी घाबरतो. वस्तुतः वितळवायचे असते ते थंडावा देणाऱ्या नळ्यांवर साचलेले हिम. खोलीतील बाष्प तेथे गोठते, त्या थराने हवेची वाट अडते, यंत्र अखंड चालूनही खोली गार होत नाही. तेव्हा शीतन काही मिनिटे थांबवून नळ्यांना ऊब देतात आणि पाणी निचरा नळीने बाहेर जाते. ‘नळ्यांवरचे हिम झाडणे’ हे त्याचे सरळ मराठी. उणे १८ अंशांवर आमरस ठेवणाऱ्या खोलीत ही झाडणी ठरलेल्या वेळी लागतेच. १३ अंशांच्या आंब्याच्या खोलीत मात्र नळ्या बहुधा नुसत्या ओल्या राहतात. तेथे हिम दिसू लागले, तर पंखा अडला आहे किंवा शीतक वायू गळतो आहे असे समजून तंत्रज्ञाला बोलवावे. शब्द नेमका असला की हा फरकही सांगता येतो. (हापूस १२-१३ अंशांखाली फार काळ ठेवला तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. याला ‘शीतक्षती’ म्हणण्यापेक्षा ‘गारठा बाधणे’ म्हटलेले बरे.)

‘रायपनिंग चेंबर’ला ‘पक्वनकक्ष’ म्हणण्यात मात्र काहीच मिळत नाही. ‘पिकवणी खोली’ पुरेशी आहे, कारण ही आढीचीच यांत्रिक बहीण. आढीत फळातून निघणारा इथिलिन शेजारच्या फळाला पिकवतो. येथे तोच वायू मापून सोडतात. मापाचे ‘पीपीएम’ येथे अडखळवते. ‘शंभर पीपीएम’ म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच खोली घेतली, तर तिचे आकारमान ६० घनमीटर, म्हणजे ६० हजार लिटर होते. तिला इथिलिन लागतो अवघा सहा लिटर. ‘सहा लिटर’ हे व्यापाऱ्याला लगेच कळते. खोली २० ते २२ अंशांवर ठेवून साधारण २४ ते ४८ तास हा वायू देतात. पण फळेही श्वास घेतात व कर्बवायू साचतो. तो एक टक्क्याच्या वर गेला की इथिलिनचा परिणाम मंदावतो. म्हणून मध्ये दार उघडून हवा बदलावी लागते. ‘व्हेंटिंग’साठी ‘वायुवीजन’ लिहिण्याऐवजी ‘आढी उघडणे’ म्हणावे, तर आढी परतताना कोंडलेली वाफ जाऊ देणाऱ्या माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

‘वायूने पिकवलेला’ ही शब्दयोजना मात्र टाळायला हवी. बाजारात तिचा अर्थ कॅल्शियम कार्बाइड असा घेतला जातो, आणि कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. शंभर पीपीएमपर्यंत इथिलिन वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये मुभा दिली. त्यामुळे पेटीवर व पावतीवर ‘इथिलिनने पिकवलेला’ असेच लिहावे. येथे परका शब्दच अधिक प्रामाणिक आहे.