गेटवेच्या जावक वहीतला पत्ता

चाळीस संगणकांचं एक कार्यालय डोळ्यांपुढे आणा. आतल्या संगणकांचे पत्ते 192.168.10.x असे खासगी आहेत आणि बाहेरच्या जगात त्यांना पत काही नाही. इंटरनेट कंपनीने कायमचा दिलेला सार्वजनिक पत्ता आहे 203.0.113.10 (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्यांपैकी आहे). मधे लिनक्सचा गेटवे बसतो. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा मूळ पत्ता काढून तो तिथे सार्वजनिक पत्ता घालतो आणि ही अदलाबदल ‘कॉनट्रॅक’ नावाच्या तक्त्यात टिपून ठेवतो. कचेरीतल्या जावक वहीसारखाच हा तक्ता. उत्तर आलं की नोंद पाहून ते योग्य टेबलावर पोचवायचं.

हे काम सांगण्याच्या दोन रीती आहेत.

```
iptables -t nat -A POSTROUTING -s 192.168.10.0/24 -o eth0 -j MASQUERADE

iptables -t nat -A POSTROUTING -s 192.168.10.0/24 -o eth0 -j SNAT --to-source 203.0.113.10
```

पहिली मास्करेड. ‘ज्या वाटेने बाहेर पडशील, त्या वाटेवर त्या क्षणी जो पत्ता असेल तो लाव’ असं ती सांगते. दुसऱ्या रीतीत, म्हणजे एसनॅटमध्ये, पत्ता नियमातच लिहिलेला असतो. कायमचा पत्ता असलेल्या गेटवेवर पहिली रीतही चालते, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच राहते. पुष्कळांना वाटतं की फरक फक्त वेगाचा आहे. पण पत्ता ठरवण्याचं काम जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच होतं, पुढची पॅकेटं नोंद पाहून जातात. वेगातला हा फरक एखाद्या कार्यालयाला जाणवणारही नाही.

खरा फरक वहीशी निगडित आहे. इंटरफेस बंद झाला किंवा त्यावरचा पत्ता काढला गेला, की मास्करेडने केलेल्या त्या वाटेवरच्या नोंदी कर्नल पुसून टाकतो. डायल-अपच्या काळात हे शहाणपणाचंच होतं. फोन पुन्हा लागला की पत्ता बहुधा वेगळा मिळे, मग जुन्या नोंदी ठेवून करायचं काय? iptables ची सूचनापुस्तिकाही म्हणूनच सांगते, की मास्करेड बदलत्या पत्त्यासाठी आहे आणि पत्ता कायमचा असेल तर एसनॅट वापरावा.

आता सकाळी अकरा वाजता कोणीतरी नेटवर्क सेवा पुन्हा सुरू करतो. इंटरफेस तीन सेकंद बंद होतो आणि तोच पत्ता घेऊन परत येतो. एसनॅट असेल, तर नोंदी शाबूत राहतात. तीन सेकंदांत हरवलेली पॅकेटं टीसीपी पुन्हा पाठवतं आणि काम पुढे सरकतं. मास्करेड असेल, तर कोण आधी बोलतो यावर सगळं ठरतं. आतला संगणक आधी बोलला, तर कर्नल बहुधा नवी नोंद करून तोच पोर्ट पुन्हा देतो आणि जोडणी वाचते. पण दूरचा सर्व्हर आधी बोलला, तर त्याचं पॅकेट कोणाचं हे गेटवेला कळत नाही. फायरवॉलने अडवलं नाही, तर गेटवे स्वतःच ‘अशी जोडणी नाही’ असं कळवतो आणि सर्व्हर आपली बाजू बंद करतो. म्हणून काहींची कामं तुटतात, काहींची तुटत नाहीत, आणि तक्रारींचा मेळ लागत नाही. संशय असेल तर त्या तीन सेकंदांत `conntrack -E -e DESTROY` चालू ठेवावं. नोंदी धडाधड गळताना दिसल्या, तर कारण सापडलं.

दुसरी अडचण जास्त चिवट. कार्यालयाने पुढे 203.0.113.11 हाही पत्ता घेतला आणि एका पुरवठादाराने त्याच्या सर्व्हरवर फक्त .10 ला प्रवेश दिला आहे. एकाच जाळ्यातल्या दोन पत्त्यांपैकी जो इंटरफेसवर आधी चढवला तो मुख्य ठरतो, आणि मास्करेड मुख्यच उचलतं. सुरुवातीच्या स्क्रिप्टमधल्या ओळींचा क्रम बदलला, की पुढच्या रीबूटनंतर सगळे .11 म्हणून बाहेर पडतात आणि पुरवठादाराचं दार बंद. नियमाला कोणी हातही लावलेला नसतो, त्यामुळे शोध भलतीकडेच चालतो. `ip -4 addr show dev eth0` मध्ये `secondary` हा शब्द कोणत्या पत्त्यापुढे आहे, ते आधी पाहावं.

एसनॅटलाही एक किंमत आहे. इंटरनेट कंपनी बदलली आणि नियमात जुनाच पत्ता राहिला, तर पॅकेटं बाहेर पडतात, उत्तरं मात्र येत नाहीत. `tcpdump -ni eth0` मध्ये जुना पत्ता लगेच दिसतो, म्हणून ही चूक पकडायला सोपी. रोज पत्ता बदलणाऱ्या घरगुती जोडणीवर मात्र एसनॅटचा हट्ट धरू नये, तिथे मास्करेडच योग्य.

मास्करेडवरून एसनॅटवर येताना एक गोष्ट चुकते. नवा नियम जुन्या जोडण्यांना लागू होत नाही, त्या आपल्या जुन्या नोंदींवरच चालतात. टीसीपीची चालू जोडणी गप्प असली, तरी तिची नोंद मूळ मांडणीत ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस, टिकते. त्यामुळे बदल कामाच्या वेळेनंतर करावा, मास्करेडचा नियम काढून एसनॅटचा घालावा, आणि मग आतल्या जाळ्याच्या नोंदी हातानेच पुसाव्यात:

```
conntrack -D -s 192.168.10.0/24
```