५१ ग्रॅम कुठे गेले?

आमच्या गल्लीत रद्दीवाला आला की मी आधी त्याच्या हातातला काटा बघते. वर एक कडी, खाली हूक, मध्ये आकड्यांची पट्टी आणि आत दडलेली स्प्रिंग. शाळेच्या पुस्तकात याला ताणकाटा म्हणतात. रद्दीचा गठ्ठा हुकाला लटकवला की स्प्रिंग ताणते आणि काटा पट्टीवरून खाली सरकतो. गठ्ठ्यात किती कागद आहे हे त्या स्प्रिंगला मुळीच माहीत नसतं. आपल्याला कोणीतरी किती जोराने खाली ओढतंय, एवढंच तिला कळतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गंमत त्यातच आहे.

आपण असा एक ताणकाटा घेऊन मनातल्या मनात लांबच्या प्रवासाला निघू. रद्दीवाल्याचा काटा यासाठी चालणार नाही, कारण त्याच्या पट्टीवर बारीक खुणाच नसतात. आपल्याला एकेक ग्रॅम दाखवणारा उत्तम काटा हवा, आणि सोबत एक १० किलोचं पितळी वजन.

पहिला मुक्काम उत्तर ध्रुवाजवळ. नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात खूप वर, स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. तिथे न्यू-ऑलेसुंड या इवल्याशा वस्तीत २००८ पासून आपल्या भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. जागा जवळजवळ ७९ अंश उत्तर अक्षांशावर, आणि अगदी समुद्राकाठी. तिथे आपण पितळी वजन हुकाला लटकवलं आणि काटा बरोबर १० किलोच्या खुणेवर येईल असा लावून घेतला.

दुसरा मुक्काम पोन्तियानाक. इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावरचं हे शहर थेट विषुववृत्तावर वसलंय, आणि तेही समुद्रसपाटीच्या जवळ. तिथे तोच काटा, तेच वजन. काटा काय दाखवतो? ९ किलो ९४९ ग्रॅम!

५१ ग्रॅम गायब. म्हणजे जवळजवळ एका छोट्या अंड्याएवढं वजन. वाटेत पितळ झिजलं का? कोणी कोपरा तासून नेला का? पडताळायला दोन पारड्यांचा तराजू आणा. एका पारड्यात आपलं पितळी वजन ठेवा आणि दुसऱ्यात हिमाद्रीहूनच आणलेलं दुसरं १० किलोचं वजन. दांडी दोन्हीकडे सारखी! पितळ होतं तेवढंच आहे. तराजू दोन वस्तूंची एकमेकींशी तुलना करतो, आणि ओढ कमी झाली तर ती दोन्ही पारड्यांत सारखीच कमी होते. ताणकाट्याला मात्र तुलनेसाठी दुसरं पारडंच नाही, त्यामुळे ओढ कमी झाली की त्याचं बिंग लगेच फुटतं.

मग पोन्तियानाकला ओढ कमी का?

इमारतीतल्या लिफ्टमध्ये उभे असताना लिफ्ट खाली निघाली की त्या पहिल्या क्षणी पोटात कसंसंच होतं ना? पाय हलके वाटतात. तेव्हा हातात ताणकाटा आणि त्याला पाण्याची बाटली लटकवलेली असेल, तर काटा क्षणभर वर सरकलेला दिसेल. करून बघा, घरी बॅगा मोजायचा काटा असला तर त्याच्यावरही जमतं. बाटलीतलं पाणी तेवढंच असतं. पण बाटली थोडीशी खाली ‘पडत’ असते, आणि जेवढं पडणं तिला मोकळं मिळालं तेवढं स्प्रिंगला रोखून धरावं लागत नाही.

आता पृथ्वीकडे या. ती स्वतःभोवती फिरते, आणि विषुववृत्तावरचं सगळं काही, म्हणजे पोन्तियानाकची घरं, नदीतल्या होड्या, आपला काटा आणि पितळी वजन, एका सेकंदात ४६५ मीटर पूर्वेकडे जातं. सेकंदाला अर्धा किलोमीटर म्हणा ना! पण हे जाणं सरळ रेषेत नाही, गोलात आहे. पृथ्वीने ओढून धरलं नसतं तर वजन सरळच निघून गेलं असतं. त्या सरळ रेषेपासून विषुववृत्तावरची जमीन एका सेकंदात किती खाली वळते, याचं गणित करता येतं. उत्तर येतं १.७ सेंटिमीटर. तुमच्या करंगळीच्या रुंदीपेक्षा थोडंसंच जास्त.

दुसरीकडे, पृथ्वी मुळीच फिरत नसती तर विषुववृत्तावर हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४९१ सेंटिमीटर पडला असता. म्हणजे पृथ्वीची ओढ एका सेकंदात ४९१ सेंटिमीटर खाली आणण्याएवढी आहे, आणि त्यातले १.७ सेंटिमीटर वजनाला गोल वळवत ठेवण्यातच खर्च होतात. तेवढं पडणं वजन काट्यासकट, जमिनीसकट रोज पडतच असतं. स्प्रिंगला फक्त उरलेल्याला थोपवायचं असतं. ४९१ मध्ये १.७, तर १० किलोंमध्ये किती? त्रैराशिक मांडा. साधारण ३५ ग्रॅम.

हिमाद्रीपाशी हे जवळजवळ घडतच नाही. ध्रुवाच्या इतक्या जवळची जमीन दिवसभरात छोटंसंच वर्तुळ फिरते, आणि सावकाश फिरते. तिथे या खर्चापोटी जेमतेम एक ग्रॅम जातो. अगदी ध्रुवावर तर तोही नाही, कारण तिथला माणूस चोवीस तासांत जागच्या जागी एक गिरकी घेतो, बस्स. तेव्हा दोन मुक्कामांमध्ये नुसत्या फिरण्याने पडलेला फरक झाला सुमारे ३३ ग्रॅम.

काही पुस्तकांत हेच ‘केंद्रोत्सारी बलामुळे वस्तू बाहेर फेकली जाते’ असं लिहिलेलं असतं. जत्रेतल्या गोल पाळण्यात बसून बघितलं तर तसंच वाटतं, आणि गणितही तेच येतं. मला मात्र पाळण्याबाहेर उभं राहून बघायला आवडतं. तिथून दिसतं की कोणी कोणाला फेकत नाही. पृथ्वी वजनाला आत ओढतेय आणि ओढीचा थोडासा भाग वळवण्यात जातोय.

पण आपले तर ५१ ग्रॅम गेले होते. उरलेले १८?

तेही फिरण्याचंच काम, फक्त आडवाटेने केलेलं. फिरून फिरून पृथ्वी मध्यावर फुगली आहे. विषुववृत्तावरची जमीन ध्रुवापेक्षा पृथ्वीच्या केंद्रापासून २१ किलोमीटर जास्त दूर आहे. दूर गेलं की ओढ कमी होते. नुसत्या या अंतराने खरं तर याहून जास्त घट व्हायला हवी होती, पण फुगवट्यातले दगड-माती-पाणी स्वतःही वजनाला ओढतात आणि घट बरीच भरून काढतात. शेवटी कमी पडतात ते १८ ग्रॅम.

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर दुकानदारांना का कळत नाही? कारण प्रत्येक गावचा काटा त्या त्या गावी प्रमाणित वजन लावून तपासतात. पोन्तियानाकला पोचल्यावर आपण आपलं पितळी वजन लटकवून काटा पुन्हा १० वर आणून ठेवला असता, तर चूकही गेली असती आणि गंमतही. एका गावी लावलेला काटा न बदलता दुसऱ्या गावी नेला, तरच फरक दिसतो. मुंबईत बरोबर लावलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर २३ किलो भरलेली बॅग लंडनला त्याच काट्यावर सुमारे ६० ग्रॅम जास्त भरेल. बॅगेत कोणी काही टाकलेलं नसेल!

आणि एक धोका आहे. स्प्रिंग थंडीत जरा ताठर होते आणि कमी ताणते. काटा हिमाद्रीबाहेरच्या बर्फात लावला आणि पोन्तियानाकच्या उकाड्यात वाचला, तर त्या तापमानाच्या फरकाने होणारी चूक आपल्या ५१ ग्रॅमपेक्षाही मोठी निघू शकते, आणि तीही नेमकी उलट्या दिशेने. म्हणून दोन्हीकडे खोलीचं तापमान सारखं ठेवूनच मोजायला हवं.

अशीच शंका साडेतीनशे वर्षांपूर्वीही निघाली होती. १६७२ मध्ये झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायला गेला. कायेन विषुववृत्तापासून फक्त ५ अंश दूर. त्याच्याकडे लंबकाचं घड्याळ होतं, पॅरिसमध्ये अचूक चालणारं. कायेनला ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं! पृथ्वीची ओढ कमी झाली की लंबक सावकाश झुलतो. घड्याळ ठीक चालावं म्हणून सुमारे एक मीटर लांबीचा लंबक रिशेला जवळजवळ ३ मिलिमीटर आखूड करावा लागला.

उन्हाने लंबकाची सळी लांबली असेल, म्हणून घड्याळ मागे पडलं, असं म्हणता येईल ना? हिशोब करून बघू. एक मीटरची लोखंडी सळी २० अंश जास्त तापली तर वाढते पाव मिलिमीटर. तीन मिलिमीटर कुठे आणि पाव कुठे! न्यूटननेही उष्णतेचा विचार केला, ती पुरी पडत नाही हे पाहिलं, आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात रिशेचं ते घड्याळ पृथ्वी फिरते आणि मध्यावर फुगली आहे याचा पुरावा म्हणून मांडलं. गंमत बघा, तोवर पृथ्वीचा फुगवटा कोणीही मोजलेला नव्हता. एका मागे पडणाऱ्या घड्याळातून तो आधी कळला.

आता एक शेवटचा हिशोब, तुमच्यासाठी. पृथ्वी जास्त वेगाने फिरू लागली तर विषुववृत्तावरची जमीन एका सेकंदात १.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त वळेल. वेग दुप्पट केला तर वळणं चौपट होतं, तिप्पट केला तर नऊपट. १७ पट केला तर २८९ पट. १.७ ला २८९ ने गुणून बघा. ४९१ आलं ना? म्हणजे दगड जेवढा पडतो तेवढीच जमीनही खाली वळणार, आणि स्प्रिंगला थोपवायला काही उरणारच नाही. तेव्हा दिवस असेल फक्त सुमारे ८४ मिनिटांचा, म्हणजे सूर्य उगवल्यापासून पाऊण तासाच्या आत मावळेल, आणि पोन्तियानाकच्या काट्यावर १० किलोचं पितळी वजन लटकवलं तरी काटा शून्यावरून हलणार नाही.