शोधनिबंधाची घडण – लेखांक ११ : दप्तरावाचून उतारा

आकडे मजकुरात कोठवर सांगावेत आणि कोणत्या टप्प्यावर ते कोष्टकाच्या अथवा आकृतीच्या हवाली करावेत, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. एकदा ते हवाली केले, की त्या कोष्टकाची मूळ निबंधापासून ताटातूट होणार, हे लेखकाने गृहीतच धरले पाहिजे. निबंध चाळणारा वाचक प्रथम चित्रे पाहतो, व्याख्याता त्यांतली एक आकृती उचलून पडद्यावर दाखवतो, पाठ्यपुस्तकाचा कर्ता एखादे कोष्टक जसेच्या तसे उतरवून घेतो; आणि या प्रत्येक प्रसंगी प्रयोगाची पद्धत सांगणारे प्रकरण मागेच राहते. तलाठ्याच्या दप्तरातून निघालेला सातबाराचा उतारा दप्तर सोबत नसतानाही कचेरीत आपले म्हणणे मांडू शकतो, कारण गाव, तालुका, गट क्रमांक आणि खातेदार यांची नोंद त्या एका कागदावरच असते. कोष्टकाचे शीर्षक आणि आकृतीखालची टीप यांच्याकडून अपेक्षा आहे ती नेमकी एवढीच. ती पुरी झाली नाही म्हणजे काय होते, याचा संख्याशास्त्राच्या इतिहासातला एक सुप्रसिद्ध दाखला आज जरा सावकाश पाहू.

सन १९०५ मध्ये कुश्नी आणि पीबल्स या दोघांनी, अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामझू येथे असलेल्या मनोरुग्णालयातील रुग्णांवर केलेल्या निद्राकारक औषधांच्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काही सेंद्रिय द्रव्ये आरशातील प्रतिबिंबासारख्या जुळ्या रूपांत आढळतात. एक रूप ध्रुवित प्रकाशाची पातळी डावीकडे वळवते, ते वामवलनी, आणि दुसरे उजवीकडे वळवते, ते दक्षिणवलनी. या रूपभेदाने औषधाच्या गुणात फरक पडतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या कोष्टकात औषधाविना लागलेल्या झोपेचा एक स्तंभ होता, वामवलनी हायोसायमिनचा एक होता, आणि हायोसिन या निराळ्या द्रव्याचे दोन होते : एक त्याच्या वामवलनी रूपाचा, दुसरा दोन्ही रूपांच्या मिश्रणाचा.

तीन वर्षांनी, १९०८ साली, डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत नोकरीस असलेल्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला तो विख्यात निबंध लिहिला, ज्यातून आजची टी-चाचणी निघाली. अल्पसंख्य निरीक्षणांवर आपली रीत कशी चालते हे दाखवण्यासाठी त्यांनी कुश्नी-पीबल्स यांच्या कोष्टकातून दहा रुग्णांचे दोन स्तंभ उचलले, औषधामुळे झोप किती तासांनी वाढली याचे आकडे काढले, आणि एका स्तंभावर दक्षिणवलनी हायोसायमिन, तर दुसऱ्यावर वामवलनी हायोसायमिन अशी नावे घातली. आकडे बरोबर होते. नावे चुकली होती. पहिला स्तंभ वस्तुतः वामवलनी हायोसायमिनचा होता आणि दुसरा वामवलनी हायोसिनचा, म्हणजे जी तुलना एकाच द्रव्याच्या दोन रूपांची म्हणून वाचकापुढे आली, ती प्रत्यक्षात दोन वेगळ्या द्रव्यांची होती. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात हे उदाहरण घेतले तेव्हा स्तंभांची नावेही चुकीसकट तशीच उतरली. सेन आणि रिचर्डसन यांनी या पहिल्या टी-चाचणीची हकीकत मूळ कागदांवरून पुन्हा तपासून १९९४ साली सविस्तर मांडली, तोवर त्या आकड्यांवर विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांनी गणिते सोडवली होती. गणितात कोणालाच काही वावगे दिसले नाही, आणि दिसणार तरी कसे? शीर्षक चुकले तरी बेरीज बिघडत नाही. म्हणूनच शीर्षकातली चूक आकड्यातल्या चुकीहून दीर्घायुषी ठरते.

आता हे कोष्टक आपल्याला लिहायचे आहे असे समजू. घाईत असलेला लेखक शीर्षक देईल : ‘कोष्टक १. झोपेवरील परिणाम’. हे नाव खोटे नाही, परंतु कशाचा परिणाम, कोणाच्या झोपेवर, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या मापात, या चारही प्रश्नांना ते मौनाने उत्तर देते. कोष्टकाच्या पहिल्या स्तंभात -१.६ हा आकडा आहे. झोप उणे दीड तासाहून अधिक कशी होईल, असा प्रश्न वाचकास पडला तर त्यात त्याचा दोष नाही. म्हणून शीर्षक असे असावे : ‘कोष्टक १. वामवलनी हायोसायमिन व वामवलनी हायोसिन यांमुळे त्याच दहा रुग्णांच्या झोपेत पडलेला फरक (तास, औषध दिलेल्या रात्रींची सरासरी वजा औषधाविना रात्रींची सरासरी)’. येथे उणे चिन्हाचा अर्थ शीर्षकातच उलगडतो, म्हणजे त्या रुग्णास औषधाने झोप कमी लागली. द्रव्यांची नावे स्तंभांच्या डोक्यावरही पूर्ण लिहावीत, ‘औषध १’ आणि ‘औषध २’ अशी नव्हेत. कारण क्रमांकाचे नाते मजकुराशी असते, आणि मजकूर तर मागे राहिलेला असतो. औषधाची मात्रा आणि प्रत्येक सरासरी किती रात्रींची आहे, हे कोष्टकाखालच्या तळटिपेत यावे. गंमत अशी की, हा तपशील १९०८ च्या कोष्टकावरून भरता येत नाही; त्यासाठी १९०५ चा मूळ निबंधच काढावा लागतो, आणि तो काढला असता तर नावांची चूकही त्याच बैठकीत उघडकीस आली असती.

कोष्टकापेक्षा आकृतीची अवस्था अधिक नाजूक असते, कारण कोष्टकात निदान मूळ आकडे तरी शाबूत असतात. आकृतीत त्यांचे चित्र उरते. हेच आकडे आज आर या संगणकीय भाषेत `sleep` या नावाने तयार मिळतात. त्यात औषध सांगणाऱ्या स्तंभाचे नाव `group` असे आहे, आणि हे नाव दिशाभूल करू शकते, माणसे दहाच आहेत, गट नव्हेत, असा इशारा सोबतच्या माहितीपत्रकात द्यावा लागला आहे. एका शब्दाने केवढी उलथापालथ होते ती पाहा. पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. वीस वेगवेगळ्या माणसांचे दोन गट समजून टी-चाचणी केली तर टीचे मूल्य १.८६ येते आणि निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची संभाव्यता सुमारे ०.०८, म्हणजे रूढ मर्यादेबाहेर. तीच दहा माणसे दोन्हीकडे आहेत हे ध्यानात घेऊन प्रत्येकाचा स्वतःशीच ताळा पाहिला, तर टीचे मूल्य ४.०६ आणि संभाव्यता सुमारे ०.००३. आकडे तेच, निर्णय उलट; आणि कोणता निर्णय योग्य हे ठरवणारी गोष्ट आकड्यांत नसून ‘तेच दहा रुग्ण’ या तीन शब्दांत आहे.

दोन सरासऱ्यांचे दोन स्तंभ उभे करून त्यांच्या माथ्यावर विचलनाच्या दांड्या काढण्याची पद्धत प्रचलित आहे. या दांड्या कशाच्या, हे टिपेत नसले म्हणजे चित्र ज्याला जे हवे ते सांगू लागते. आपल्या उदाहरणात त्या प्रमाण विचलनाच्या असतील तर पहिलीची लांबी दोन्ही बाजूंस १.७९ तास आणि दुसरीची २.०० तास; दोन्ही एकमेकींत पुरत्या शिरतात आणि औषधांत फरक नाहीसा वाटतो. त्या सरासरीच्या प्रमाण त्रुटीच्या असतील, तर लांबी ०.५७ आणि ०.६३ इतकीच भरते, दोन दांड्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि फरक ठसठशीत भासतो. प्रमाण विचलनाची दांडी रुग्णारुग्णांत किती तफावत आहे ते सांगते, प्रमाण त्रुटीची सरासरीचा अंदाज कितपत नेमका आहे ते. दोन्ही खऱ्या आहेत, परंतु दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. टिपेत नुसते ‘सरासरी ± त्रुटी’ असे लिहून भागत नाही. त्रुटीचे नाव आणि निरीक्षणांची संख्या दोन्ही लागतात, कारण संख्या कळली तर एका मापावरून दुसरे काढता येते. मात्र या दोहोंपैकी कोणतीही दांडी जोडीचे नाते दाखवीत नाही. ते दाखवायचे तर स्तंभ सोडून प्रत्येक रुग्णाचे दोन बिंदू काढून ते रेषेने जोडावेत; मग दहा रेषांपैकी नऊ चढत्या, एक आडवी आणि उतरती एकही नाही, हे नजरेस आपोआप पडते.

अशा आकृतीखालची टीप पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘आकृती १. वामवलनी हायोसायमिन व वामवलनी हायोसिन घेतल्यावर त्याच दहा रुग्णांच्या झोपेत पडलेला फरक. उभ्या अक्षावर औषधाविना काढलेल्या रात्रींच्या तुलनेत वाढलेली झोप तासांत दिली आहे. शून्याखालचा बिंदू झोप घटल्याचे दर्शवतो. प्रत्येक बिंदू म्हणजे एका रुग्णाची सरासरी असून एकाच रुग्णाचे दोन बिंदू रेषेने जोडले आहेत. जाड आडव्या रेघा दहा रुग्णांची सरासरी दाखवतात. दोन औषधांतील फरक रुग्णागणिक सरासरीने १.५८ तास (९५ टक्के विश्वासांतर ०.७० ते २.४६, जोडीची टी-चाचणी).’

हिचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आरंभीचे वाक्य आकृतीचे नाव आहे, त्यानंतर अक्ष आणि माप, मग चिन्हांचा अर्थ, आणि अखेरीस संख्याशास्त्रीय तपशील. वाचकाची नजर चित्रावर ज्या क्रमाने फिरते त्याच क्रमाने टीप चालते. औषध कसे तयार केले, झोपेची वेळ कोणी टिपली, हे येथे आणू नये. जे ठाऊक नसल्यास चित्र चुकीचे वाचले जाईल तेवढेच टिपेचे, आणि जे ठाऊक नसल्यास प्रयोग पुन्हा करता येणार नाही ते पद्धतीच्या प्रकरणाचे, अशी वाटणी केली म्हणजे टीप फुगत नाही. आरंभीच्या वाक्यातच ‘हायोसिनने झोप अधिक वाढते’ असा निष्कर्ष जाहीर करावा काय, याबाबत नियतकालिकांचे रिवाज भिन्न आहेत. तो केला तर तो त्याच एका आकृतीतून सिद्ध होणारा असावा, आणि कोष्टकाच्या शीर्षकात मात्र तो टाळलेलाच बरा, कारण कोष्टक वाचकाला स्वतः हिशेब तपासण्याची मुभा देण्यासाठी असते.

टीप पुरेशी झाली की नाही हे लेखकाला स्वतःला कळत नाही, कारण जे कागदावर नाही ते त्याच्या डोक्यात असते. म्हणून आकृती आणि टीप एवढाच कागद शेजारच्या विभागातील सहकाऱ्याच्या हाती द्यावा, आणि काय मोजले, कोणात मोजले, कशाशी तुलना केली, किती निरीक्षणे आहेत व दांड्या किंवा रेघा कशाच्या, एवढेच त्याला विचारावे. जेथे तो ‘बहुधा’ या शब्दाने सुरुवात करील तेथे टिपेत एक शब्द कमी आहे असे समजावे. मात्र या परीक्षेलाही मर्यादा आहे. स्टुडंट यांचे कोष्टक कोणा सहकाऱ्याने वाचले असते, तर कोणते औषध, या प्रश्नाचे उत्तर त्याने बिनदिक्कत दिले असते, आणि ते चुकीचे असते. तेव्हा दुसऱ्याच्या निबंधातून घेतलेल्या प्रत्येक स्तंभाचे नाव, आकड्यांइतक्याच काटेकोरपणे, मूळ कागद समोर ठेवून ताडून पाहावे.

पुढील लेखांकात निबंधाच्या सारांशाकडे वळू.