मुलांचे मेनूकार्ड : जेवढे पाळता येईल तेवढेच लिहा

आज मुलांच्या मेनूकार्डाबद्दल बोलू. आमच्या भिलाईच्या स्मृति नगरात एखादे छोटे फॅमिली रेस्टॉरंट आहे असे समजा. मालकाला कार्डावर मुलांसाठी वरण-भात ठेवायचा आहे. नुसते ‘किड्स वरण-भात’ लिहिले, तर आईवडिलांना काहीच कळत नाही.

आधी प्रमाण. ‘छोटी प्लेट’ म्हणजे किती, ते प्रत्येकाला वेगळे वाटते. म्हणून लिहा : एक वाटी मऊ भात, अर्धी वाटी बिनतिखट वरण, एक चमचा तूप. स्वयंपाकघरातही तीच वाटी माप म्हणून ठेवा, नाहीतर वाढणारा बदलला की प्रमाणही बदलते.

आता ॲलर्जी. वरण-भात निर्धोक वाटतो ना? तुपामुळे त्यात दूध आले. आणि हिंग? बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे गहूही आला. तेव्हा पाकीट वाचूनच नोंद करा : ‘यात दूध आणि गहू आहे. सांगितल्यास तूप आणि हिंग न घालता करून देऊ.’ पण हे वचन पाळायचे, तर साधे वरण फोडणीआधीच बाजूला काढावे लागते. एकदा फोडणी पडली की हिंग परत काढता येत नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांतली यादी हाताशी ठेवा : ग्लूटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट. मेनूवर ही माहिती देण्याची सक्ती मोठ्या साखळी हॉटेलांवर आहे, पण छोट्यांनीही ती द्यावी. तीळ या यादीत नाही. तरी चटणीत असेल तर लिहा.

‘शेंगदाणे नाहीत’ हे मात्र जपून लिहा. त्याच मिक्सरमध्ये दाण्याचा कूट होत असेल, त्याच कढईत साबुदाणा वडे तळले जात असतील, तर खरे वाक्य असे : ‘आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे वापरतात; अंश येऊ शकतो.’ तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला हेच वाक्य हवे असते. ते वाचून ती निर्णय घेते.

बाळाच्या उंच खुर्चीचीही एक ओळ हवी : ‘उंच खुर्च्या दोन. आधाराशिवाय बसणाऱ्या बाळांसाठी. पट्टा बांधा, बाळाला एकटे सोडू नका.’ खुर्चीवर छापलेली वजनमर्यादा तशीच उतरवा. दोन पायांमधला पट्टा तुटला असेल, तर ती खुर्ची बाहेर काढूच नका. बाळ ताटाखालून घसरते.

भिलाईत स्टील प्लांटमुळे देशभरातली माणसे राहतात, म्हणून कार्ड हिंदी आणि इंग्रजीत असू द्या. आणि हिंगाचा ब्रँड बदलला, तर त्याच दिवशी पाकीट वाचून कार्ड तपासा.