'येणार नाही' की 'जमणार नाही'? रविवारच्या ओटीला नकार देताना

नकार या विषयावर संशोधन करतेय म्हटलं की लोक हसतात. "त्यात काय शोधायचं? नाही म्हणायचं, झालं!" पण पुढचा प्रसंग बघा. माझ्या मामेभावाचा आहे. तो एका कारखान्यात मशीनवर काम करतो. शुक्रवारी सुटताना सुपरवायझर म्हणाले, "रविवारी लाइन चालवायचीये. सेकंड शिफ्टला येशील ना?"

रविवारी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. तरी तो म्हणाला, "बघतो साहेब."

त्याच्या मते हा नकार होता. साहेबांनी मात्र त्याला धरून माणसं मोजली. रविवारी एक मशीन बंद राहिलं आणि सोमवारपासून तो 'भरवशाचा नाही' ठरला. ओटी नाकारल्याचा राग नव्हता. राग होता तो वेळेवर न कळल्याचा.

आता संशोधन याबद्दल काय सांगतं? ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या 1987च्या पुस्तकानुसार संवादात माणूस दोन गोष्टी जपतो: आपण इतरांना हवेसे वाटावं आणि आपल्यावर कुणी बळजबरी करू नये. साहेबांची विनंती मामेभावाच्या सुट्टीवर येते. त्याच्या नकाराने साहेबांचा शब्द खाली पडतो आणि 'आपला माणूस' ही त्याची स्वतःची प्रतिमाही धोक्यात येते. दोन्हीकडून अडचण, म्हणून तोंडातून 'बघतो' निघतं.

नकाराचे तुकडे कसे पाडायचे याची प्रसिद्ध यादी बीब, ताकाहाशी आणि युलिस-वेल्ट्झ यांनी 1990 साली दिली. थेट नकार एकीकडे. खेद, कारण, पर्याय, पुढच्या वेळचं आश्वासन असे आडून दिलेले नकार दुसरीकडे. शिवाय 'कल्पना चांगली आहे' यांसारखी सोबतची वाक्यं. यात एक गंमत आहे. इच्छा नाही आणि शक्य नाही, हे दोन्ही त्या यादीत थेट नकाराच्या एकाच खणात पडतात. मराठीत मात्र सगळा खेळ याच फरकावर चालतो.

'मी येणार नाही' यात 'मी' कर्ता आहे, म्हणजे निर्णय माझा. 'मला जमणार नाही' यात 'मी'चा 'मला' झाला. आता मी ठरवणारा नाही, परिस्थिती ज्याच्यावर आली तो माणूस आहे. नकार तेवढाच पक्का, पण 'काम करायची इच्छा नाही' हा अर्थ वाक्याच्या रचनेतूनच गळून पडतो. 'बघतो'मध्ये मऊपणा आहे, पक्केपणा नाही. 'जमणार नाही'मध्ये दोन्ही आहेत.

मग तो काय म्हणू शकला असता?

"साहेब, या रविवारी जमणार नाही. बहिणीला बघायला पाहुणे येतायत, घरी मला थांबावंच लागेल. पुढच्या रविवारी ओटी असेल तर माझं नाव आधी घाला."

'या रविवारी' म्हटल्याने नकार एका दिवसापुरता झाला. कारण एकच आहे आणि ते कुणालाही पटणारं आहे. शेवटचं वाक्य योगदानाची तयारी दाखवतं. पण पुढचा रविवार खरोखर मोकळा असेल तरच ते बोलावं, नाहीतर तो दुसरा 'बघतो' ठरतो.

गोष्ट इथे संपत नाही. साहेब म्हणू शकतात, "अरे, पाहुणे सकाळीच जातील ना? तू तीनला ये." आपण दिलेलं कारण असं सोडवलं जातं. घाबरून माणूस दुसरं कारण जोडतो: तब्येतही बरी नाही, गाडीही बंद आहे. प्रत्येक नवं कारण सोडवायला नवी गाठ देतं आणि पहिलं कारण खोटं वाटायला लागतं. त्यापेक्षा तेच कारण वेळेसकट सांगावं: "ते चारला येणार आहेत साहेब, म्हणून सेकंड शिफ्ट नाहीच जमणार." म्हणजे कारण नेमकं त्या शिफ्टवरच येऊन बसतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे पद्धतीकडे बघावं. बीब आणि सहकाऱ्यांनी लेखी प्रश्नावली वापरली: प्रसंग द्यायचा आणि रिकाम्या जागी उत्तर लिहून घ्यायचं. थोड्या वेळात शेकडो उत्तरं मिळतात, तुलना सोपी होते. पण कागदावर माणूस आपण काय बोलू असं त्याला वाटतं ते लिहितो. 'बघतो'च्या आधीची शांतता तिथे दिसत नाही आणि "तू तीनला ये" नंतरची ओढाताणही नाही. मराठी नकारावर काम करायचं असेल तर प्रश्नावलीसोबत किमान भूमिका-अभिनयाचं रेकॉर्डिंग घ्या, आणि समोरच्याला एकदा तरी आग्रह करायला सांगा. नकार टिकतो की नाही, हे त्या आग्रहानंतरच कळतं.