उलटून पाहिले तरी सुलटच

गोंदिया जिल्ह्यात हमीभावाने धान विकायचे तर ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो. तो मोजणाऱ्या यंत्राची मराठी माहितीपुस्तिका तपासायचे काम माझ्याकडे आले होते. त्यातला एक परिच्छेद असा: ‘खडबडीत तांदूळ निवडा. कप भरा. नमुना पॅक करू नका. झाकण बदला आणि कळ दाबा.’

व्याकरणात चूक नाही. अनुवाद तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे तो दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करवून मुळाशी ताडून पाहणे. इथे ती साफ फसते. शब्दाला शब्द ठेवलेले वाक्य उलटे फिरवले की जसेच्या तसे मूळ शब्द हाती येतात आणि चूक निर्दोष ठरते.

म्हणून मी इंग्रजी मजकूर झाकून ठेवतो आणि यंत्र हाताळणाऱ्याला फक्त मराठी वाचायला देतो. ‘समजले का?’ असे विचारत नाही, त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘आता काय कराल, ते करून दाखवा’ एवढेच म्हणतो.

पहिल्याच वाक्याला बोट ‘तांदूळ’ या खुणेवर गेले. इंग्रजीतला ‘रफ राइस’ म्हणजे टरफलासकट दाणा, म्हणजेच धान. यंत्रात धान आणि तांदूळ यांची मापे वेगळी असतात, त्यामुळे आकडा तिथेच बिघडला. पुण्याकडचा अनुवादक इथे कदाचित ‘भात’ लिहील. पण गोंदियात भात ताटात असतो, पोत्यात धान.

‘पॅक करू नका’ वाचून त्याने नमुना पिशवीत बांधला नाही, इतकेच. कपातले दाणे मात्र अंगठ्याने दाबून बसवले. मुळात मनाई होती ती नेमकी याच गोष्टीची. हे यंत्र दाण्यांची विद्युत धारकता मोजते. दाबल्याने तेवढ्याच जागेत जास्त दाणे मावतात आणि ओलावा असतो त्याहून जास्त दिसतो. १७ च्या काठावरचे धान अशाने परत जाऊ शकते. मी लिहिले, ‘दाणे सैल पडू द्या, दाबू नका.’

झाकणापाशी तो थांबला. ‘दुसरं झाकण कुठं आहे जी?’ इंग्रजीतल्या ‘रिप्लेस’चे दोन अर्थ आहेत, नवे घालणे आणि जागच्या जागी परत बसवणे. बॅटरीच्या सूचनेत पहिला बरोबर, इथे दुसरा. एका शब्दाला पुस्तिकाभर एकच प्रतिशब्द, हा नियम शिस्तीचा वाटतो खरा, पण अशा क्रियापदांना तो लावू नये.

दुरुस्त केलेला मजकूर मी आधीच्याच माणसाला दाखवत नाही, कारण त्याला उत्तर ठाऊक झालेले असते. नवा माणूस लागतो, आणि तेच यंत्रही. काही ओलावामापकांत नमुना स्क्रू फिरवून मुद्दाम दाबावा लागतो. तिथे माझे ‘दाबू नका’ हेच वाक्य चुकीचे ठरेल.